पान उठल्यावर गोड का आठवतं: घड्याळ, ताट आणि शेवटचा घास

माझे धाकटे दीर रात्री साडेनऊला जेवतात. हात धुतात, टॉवेलला पुसतात आणि तसेच फ्रिजकडे वळतात. आत काय आहे हे त्यांना पाठ असतं, तरी दार उघडून दोन मिनिटं उभे राहतात. मी तिथे असले की ओशाळून म्हणतात, "पोट गच्च भरलंय हो वहिनी. पण साखर डाऊन होते ना जेवल्यावर, म्हणून काहीतरी गोड लागतंच."

मी आहारसल्ल्याचं काम करते, त्यामुळे हे वाक्य मला आठवड्यातून पाच-सहा वेळा ऐकू येतं. यातलं 'गोड लागतं' खरं आहे. 'साखर डाऊन होते' हे मात्र रात्री पावणेदहाला खरं असणं जवळपास अशक्य. भावजी पोळी-भात खाऊन नुकते उठलेत. त्या क्षणी त्यांच्या रक्तातली साखर वर चढत असते. निरोगी माणसात ती साधारण पाऊण ते एक तासात सर्वांत वर जाते आणि मग उतरायला लागते. म्हणजे हात धुता धुता जी हुक्की येते, तिचं कारण साखर खाली जाणं हे नाही.

पण गंमत अशी की याच भावजींना दुपारी साडेचारला ऑफिसात चहाबरोबर पाच-सहा बिस्किटं लागतात, आणि तेव्हा मात्र त्यांचं म्हणणं बरंचसं बरोबर असू शकतं. एकाच माणसाची ही दोन वेगळी प्रकरणं आहेत आणि दोघांवरचा उपाय एक नाही. जेवणानंतरचं गोड कमी करायला निघालेली बहुतेक माणसं इथेच चुकतात. रात्रीच्या सवयीसाठी भात सोडतात आणि दुपारच्या भुकेसाठी बडीशेप चघळतात. दोन्ही फसतं.

आधी चार दिवस फक्त लिहा

पहिल्या चार दिवसांत काहीही बदलू नका. गोड खायचं ते खा. फक्त मोबाइलमध्ये किंवा कॅलेंडरच्या मागे तीन गोष्टी टिपा: जेवण किती वाजता संपलं, गोडाची आठवण किती वाजता झाली आणि तिसरी जरा विचित्र वाटेल अशी, त्या क्षणी समोर गार भाकरी आणि उसळ आली असती तर खाल्ली असती का.

हा भाकरीचा प्रश्न मी फार वापरते, कारण त्याला खोटं उत्तर देता येत नाही. खरी भूक असेल तर माणूस गार भाकरीलाही हो म्हणतो. "छे, भाकरी नको, गुलाबजामच पाहिजे" असं उत्तर आलं तर पोट नाही, जीभ बोलते आहे. जिभेचं ऐकू नये असं मी म्हणत नाही. फक्त कोण बोलतंय हे कळलं पाहिजे.

चार दिवसांत एक आकृती दिसायला लागते. जेवण संपल्यावर पंधरा-वीस मिनिटांत आलेली इच्छा आणि भाकरीला नकार, हा पहिला प्रकार. दोन ते चार तासांनी आलेली इच्छा, भाकरीला होकार, सोबत जांभया किंवा चिडचिड, हा दुसरा. भावजींच्या वहीत रात्रीच्या चारही नोंदी पहिल्या प्रकारच्या निघाल्या आणि दुपारच्या चारपैकी तीन दुसऱ्या. चौथ्या दिवशी ऑफिसात कुणाचा तरी वाढदिवस होता, तो धरायचा नाही.

लगेच येणारी इच्छा

ही समजून घ्यायला लग्नाची पंगत आठवा. मसालेभात आता एक घासही नको अशी अवस्था झालेली असते, वाढप्याच्या पुढे दोन्ही हात आडवे धरलेले असतात आणि तेवढ्यात जिलेबीचं ताट येतं. जागा होते. बार्बरा रोल्स आणि एडमंड रोल्स यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला नेमकं हेच तपासलं. लोकांना आधी बरेच पदार्थ चाखायला दिले, मग त्यातला एकच पोटभर खायला घातला. ज्याने पोट भरलं त्या पदार्थाची गोडी उतरली, न खाल्लेल्या पदार्थांची फारशी उतरली नाही. आपण जेवून उठतो तेव्हा तिखट-खारट-आंबट याला जीभ कंटाळलेली असते. गोड अजून झालेलंच नसतं.

यात मेंदूचाही हात आहे. २०२५ साली कलोन इथल्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी उंदरांवर एक गोष्ट दाखवली: पोट भरल्याचा निरोप देणाऱ्या ज्या चेतापेशी आहेत, त्याच पेशी साखर समोर आली की सुखद वाटायला लावणारं एंडॉर्फिन सोडतात. माणसांच्या मेंदूचं चित्रण केलं तेव्हा तोच भाग साखरेला प्रतिसाद देताना दिसला. तेव्हा जेवल्यावर गोड हवंसं वाटलं म्हणून स्वतःला बेशिस्त म्हणवून घ्यायचं काही कारण नाही.

याला जोडून येते सवय. रोज रात्री पावणेदहाला फ्रिजमधून काहीतरी गोड मिळत असेल, तर मेंदू पावणेदहा वाजले की ते मागतो. टीव्हीवरची विशिष्ट मालिका, सोफ्याची विशिष्ट बाजू, एवढ्यानेही मागणी सुरू होते. भावजी एकदा कामासाठी नागपूरला चार दिवस हॉटेलात राहिले होते. तिथे रात्रीचं गोड आठवलंसुद्धा नाही असं त्यांनीच सांगितलं. ताट तसंच होतं, फ्रिज तेवढा नव्हता.

म्हणजे पहिल्या प्रकारावरचा उपाय पोळी-भात मोजणं हा नाही. जेवणाला असा शेवट द्यायचा की जिभेला 'झालं' असं कळेल. त्याकडे थोड्या वेळाने येते, कारण आधी दुपारचं उरकायला हवं. ते सरळ ताटातच आहे.

दोन-तीन तासांनी येणारी इच्छा

गव्हाच्या दाण्याला बाहेरून कोंडा असतो, एका टोकाला अंकुर असतो आणि आत पांढरा गर, म्हणजे पिष्ट. कोंडा आणि अंकुर काढून नुसता गर दळला की मैदा होतो. तांदळाचा कोंडा काढून पॉलिश केलं की आपला रोजचा पांढराशुभ्र तांदूळ होतो. साबुदाण्यात तर दाणासुद्धा नाही, टॅपिओका कंदातलं पिष्ट तेवढं काढून त्याच्या गोळ्या केलेल्या असतात. चोथा आणि बांधणी निघून गेलेलं हे पिष्ट आतड्यात पटकन ग्लुकोज होतं. साखर भर्रकन चढते, ती आवरायला इन्सुलिन भरपूर सुटतं आणि काही लोकांत दोन-तीन तासांनी साखर जेवणाआधीच्या पातळीच्याही जरा खाली घसरते. आजार म्हणावा इतकी नाही, पण भूक आणि मरगळ जाणवावी इतकी.

'काही लोकांत' हे शब्द महत्त्वाचे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, लंडनच्या किंग्ज कॉलेजातल्या संशोधकांचा सहभाग असलेल्या एका मोठ्या अभ्यासात १,०७० लोकांना ठरावीक नाश्ता दिला आणि साखर सतत मोजली. तोच नाश्ता खाऊन कुणाची साखर दोन-तीन तासांनी चांगलीच घसरली, कुणाची जवळपास नाहीच. ज्यांची जास्त घसरली त्यांनी पुढचं खाणं सरासरी अर्धा तास लवकर घेतलं आणि दिवसभरात सुमारे ३०० कॅलरी जास्त खाल्ल्या. माझी जाऊ तोच डबा नेते आणि तिला चार वाजता काही होत नाही. भावजींना वाटायचं ती मनाने खंबीर आहे. तसं असेलही, पण शरीराचा हा फरकही आहेच.

आता भावजींचा डबा. ते सव्वा वाजता जेवतात. तीन पोळ्या, बटाट्याच्या काचऱ्या, एक वाटी भात आणि छोट्या डबीत पातळ आमटी. पाहायला अगदी साधं, घरचं, तेलही बेताचं. मी हिशेब मांडला. एका मध्यम पोळीत साधारण २० ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे तीन पोळ्यांत ६०. वाटीभर भातात ४० च्या आसपास. काचऱ्या आणि आमटीची मिळून २५. एकूण सव्वाशे ग्रॅम. प्रथिनं सगळी मिळून जेमतेम १८ ग्रॅम आणि त्यातही डाळीची तीनच, कारण आमटी म्हणजे मुख्यतः पाणी. चोथा देणारी भाजी शून्य, कारण बटाटा या हिशेबात भाताच्या पंक्तीला बसतो. पोळीचं पीठ बारीक चाळणीने चाळून कोंडा कुंडीत टाकला जायचा, ते वेगळंच.

या डब्यात वाईट पदार्थ एकही नव्हता. एकाच जातीचे तीन पदार्थ होते आणि त्यांना अडवणारं काही नव्हतं.

बदललेला डबा असा: दोन पोळ्या, पीठ न चाळता. मोठी वाटीभर मटकीची उसळ, जरा घट्टसर. काकडीची कोशिंबीर, दाण्याचं कूट घालून. छोटी वाटी दही. भात अर्धी वाटी, कारण भाताशिवाय त्यांना जेवल्यासारखं वाटत नाही आणि ते बरोबरच आहे. कर्बोदकं उतरून ९५ ग्रॅमच्या जवळ आली, प्रथिनं २५ वर गेली. पोट तितकंच भरलं. जावेला काम वाढलं का? मटकी भिजवून मोड आणायची तेवढी आठवण ठेवावी लागते. रविवारी आणि बुधवारी मोड आणून फ्रिजमध्ये ठेवले की झालं. ती आठवण ठेवण्याचं काम भावजींनी घेतलं, अशी माझी अट होती.

सुरुवात करणाऱ्याने एवढंच करावं: ताटात एक पदार्थ डाळ-कडधान्य, दही, पनीर, अंडं किंवा मासळीचा असा असावा की तो चमच्याने उचलता येईल, प्यावा लागणार नाही. पातळ वरण ओरपून होतं, ते मोजू नका. ही एक गोष्ट साधली की भाताची वाटी आपोआप लहान होते, ओढून काढावी लागत नाही.

घासांचा क्रमही मदत करतो. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल महाविद्यालयात २०१५ साली एक छोटा प्रयोग झाला. मधुमेह असलेल्या ११ जणांना एकच जेवण दोन वेगळ्या दिवशी दिलं. एकदा पाव आणि संत्र्याचा रस आधी, चिकन आणि भाज्या मागून; दुसऱ्यांदा उलट. भाज्या आणि चिकन आधी खाल्लं तेव्हा तासाभराने साखर सरासरी ३७ टक्के कमी चढली होती. माणसं थोडी होती, सगळी मधुमेही होती, तेव्हा हा आकडा आपल्या घरात जसाच्या तसा येईल असं समजू नका. दिशा मात्र पटण्यासारखी आहे. आपल्या पंगतीत पहिला मान साध्या वरणभाताचा असतो, तो मोडायची गरज नाही. मीठ-लिंबाशेजारी वाढलेली कोशिंबीर जेवणभर तशीच पडून असते आणि शेवटी उपकार केल्यासारखी संपवली जाते. ती आधी संपवा, उसळीचे चार-पाच चमचे खा, मग वरणभाताला हात घाला.

तांदळाबद्दल एक सांगते, कारण हा प्रश्न हमखास येतो. शिजून मऊ आणि चिकट होणारा भात साधारणपणे लवकर पचतो, मोकळा होणारा जरा सावकाश. त्यामुळे इंद्रायणीचा गुरगुट्या भात आणि मोकळा शिजवलेला बासमती यांत फरक पडतो. पण वाटीचा आकार आणि सोबतची उसळ यांचा फरक त्याहून मोठा. आंबेमोहराचा वास आवडत असेल तर आंबेमोहरच खा, थोडा कमी वाढून घ्या. आणि ज्वारीची भाकरी चांगली म्हणून चार भाकऱ्या खाल्ल्या तर पिष्ट चार भाकऱ्यांचंच पोटात जातं.

दुसऱ्या प्रकाराचं सर्वांत स्वच्छ उदाहरण पाहायचं असेल तर चतुर्थीचा उपास बघा. सकाळी अकराला साबुदाण्याची खिचडी, त्यावर केळं, वर गोड चहा. दीड वाजता पोटात खड्डा आणि राजगिऱ्याच्या लाडवाचा डबा उघडला जातो. साबुदाण्यात प्रथिनं जवळपास नाहीत. खिचडीला जो काही आधार आहे तो दाण्याच्या कुटाचा. म्हणून खिचडी निम्मी करा, कूट सढळ घाला आणि सोबत दही किंवा दह्यातली खमंग काकडी घ्या. किंवा वरीचा भात आणि घट्ट दाण्याची आमटी. उपास मोडत नाही आणि लाडू संध्याकाळपर्यंत डब्यात राहतो.

जेवण मिटवायचं कसं

आता रात्री पावणेदहाच्या फ्रिजकडे. आपल्या पारंपरिक जेवणात गोड शेवटी नसायचंच, हे आपण विसरलो. श्रीखंड-पुरी, जिलेबी, पुरणपोळी मध्यावर वाढली जायची आणि नंतर ताकभात किंवा दहीभात यायचा. तो आला की समजायचं, आता आचवायचं. 'जेवणानंतर स्वीट डिश' ही आपल्याकडे हॉटेलातून आली. घरात ताकभात हळूहळू गळाला आणि जेवणाचा पूर्णविराम गेला. ज्यांच्या घरी रात्रीचं जेवण अजून ताकाने संपतं, त्यांना गोडाची ओढ कमी असते असा माझा कामातला अनुभव आहे. तो अनुभवच आहे, सिद्धान्त नाही.

ताकासाठी अर्धी वाटी दही, दीड वाटी पाणी, चिमूट मीठ, चिमूट भाजलेल्या जिऱ्याची पूड, नखभर हिंग. रवीने घुसळा किंवा बाटलीत घालून हलवा. दही ताजं हवं. फार आंबट असलं की माणूस त्यात साखर घालतो आणि मग सगळंच मुसळ केरात. ताकभात करायचा तर ताटातल्या भातातले शेवटचे तीन-चार घास त्यासाठी राखून ठेवा, नवा भात वाढून घेऊ नका. भावजींनी पहिल्या रात्री ताकभातासाठी पुन्हा वाटीभर भात घेतला होता.

थंडीत किंवा कफाच्या तक्रारीमुळे ताक नको असेल, तर कोकणातली आणि गोव्यातली वाट घ्या. आठ-दहा आमसुलं अर्धी वाटी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कुस्करा, त्यात वाटीभर पातळ नारळाचं दूध, एक ठेचलेली लसणाची पाकळी, मिरचीचा तुकडा, मीठ. ही सोलकढी दोघांना पुरते. नारळ नको असेल तर नुसत्या आमसुलाच्या पाण्याला मीठ, मिरची, कोथिंबीर लावली की गोव्याची फुटी कढी होते. यात साखर घालायची नाही. बाजारातलं कोकम सरबत वेगळं, ते साखरेचा पाकच असतो.

आंबट-खारट शेवटाने जीभ बदलते. त्यावर गोडाची एक हलकी खूण हवी असेल तर बडीशेप. बडीशेपेत अनेथॉल नावाचं सुगंधी द्रव्य असतं आणि ते जिभेला मुळातच गोड लागतं. म्हणून बडीशेप चावल्यावर साखर न खाता गोडाची भावना येते. घरी करायची तर एक वाटी बडीशेप, पाव वाटी तीळ, पाव वाटी जवस, एक चमचा ओवा वेगवेगळे मंद भाजा. बडीशेपेला आधी लिंबाचा रस आणि सैंधव चोळून तासभर वाळू द्या, म्हणजे भाजल्यावर चव आत राहते. रंग बदलायच्या आत उतरवा. करपली की कडू होते आणि डबा तसाच पडून राहतो. रोज एक छोटा चमचा, सावकाश चावून. हॉटेलातली रंगीत बडीशेप ही साखरेची गोळी आहे, मधे बडीशेपेचा दाणा असतो इतकंच.

विड्याचं पान चालेल, पण गुलकंद म्हणजे निम्म्याहून जास्त साखर असू शकते. सुपारी तर नकोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूशिवायच्या नुसत्या सुपारीलाही कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरलं आहे. पान, किंचित चुना, बडीशेप, वेलची, लवंग एवढ्यात विडा होतो.

मग उठून चूळ भरा, जमल्यास दात घासा. हे बाळबोध वाटेल, पण पेस्टच्या पुदिन्यावर पेढा फार वाईट लागतो. भावजींच्या बाबतीत सर्वांत जास्त काम याने केलं. ताकाने नव्हे, हे मला कबूल करायला हवं.

आणि शतपावली. शंभर पावलं म्हणजे जेमतेम दीड मिनिट, ती वाढवून दहा मिनिटं करा. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात २०१६ मध्ये मधुमेह असलेल्या ४१ जणांवर पाहिलं गेलं की दिवसातून एकदा कधीही अर्धा तास चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची साखर १२ टक्के कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के. आपल्या कामाचा दुसरा फायदा असा की त्या दहा मिनिटांत तुम्ही स्वयंपाकघरात नसता. पावसात गच्चीचा जिना किंवा घरातल्या घरात फेऱ्या. चालताना कोपऱ्यावरच्या आइस्क्रीमच्या दुकानाकडे पावलं वळत असतील तर दुसरी गल्ली धरा. हा विनोद नाही, माझ्याकडे येणाऱ्या एका काकांचा अनुभव आहे.

हे सगळं रोज करायचं नाही. ताक किंवा कढी यातलं एक, आणि बडीशेप किंवा दात घासणं यातलं एक. पण जे ठरवाल ते दोन-तीन आठवडे रोज तेच आणि त्याच क्रमाने. पावणेदहाच्या मागणीला रोज वेगळं उत्तर दिलं तर सवय तयार होत नाही.

कुठे फसतं

गूळ, मध आणि खजुराचे लाडू घेऊन लोक येतात. गुळात थोडी खनिजं असतात, पण तो बहुतांश साखरच आहे आणि चढतोही तशीच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सुचवलेली चांगली मर्यादा पाहिली तर दिवसभरात वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण सहा छोटे चमचे. गूळ आणि मधही त्यातच मोजायचे. दोन गोड चहा आणि पाकातला एक गुलाबजाम झाला की ती वाटणी बहुतेक संपते. डाळिंबाचा रस, 'शुगर फ्री' बिस्किटं हीही त्यातलीच फसवणूक. साखर नसलेल्या बिस्किटात मैदा असतोच, म्हणजे आपण दुपारच्या प्रकरणाकडे परत. पाकिटावर 'आटा' लिहिलं असलं तरी मागची घटकांची यादी वाचा, पहिलं नाव मैद्याचं असतं का ते बघा.

दुसरी चूक म्हणजे दिवसभर कमी खाणं. सकाळी नुसता चहा, दुपारी सॅलड, आणि रात्री साडेदहाला अर्धा डबा काजूकतली. हा ताटाच्या शेवटाचा प्रश्नच नाही, दिवसाच्या सुरुवातीचा आहे. वहीत रात्रीच्या इच्छेपुढे 'भाकरीही खाल्ली असती' असं आलं तर आधी नाश्ता बघा: दोन अंडी, मुगाचं धिरडं, किंवा पोह्यांत मटार-दाणे आणि सोबत दही.

तिसरी, गोड पूर्ण बंद करणं. घरात सण असतात, ते टिकत नाही. त्यापेक्षा गोडाची जागा बदला. जे खायचं ते ताटात, जेवणाबरोबर, एका वाटीत मोजून, आणि त्यानंतर ताक. फ्रिजच्या उघड्या दारात, डब्यातून थेट, उभ्याने नाही.

हे कुणी वाचून थांबावं

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना गोडाची इच्छा होताना हात कापत असतील, दरदरून घाम येत असेल, धडधड किंवा गोंधळल्यासारखं होत असेल तर ती सवय नाही, साखर खरोखर घसरलेली असू शकते. तिथे बडीशेप नाही. शक्य असेल तर लगेच मोजा. ७० च्या खाली असेल, किंवा मोजायची सोयच नसेल, तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटांनी परत बघा, आणि डॉक्टरांना कळवा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना. अशा गोळ्या चालू असताना भात-पोळी एकदम कमी करणंसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. तसंच सतत तहान, वारंवार लघवी, वजन आपोआप उतरणं यांच्याबरोबर भूक वाढली असेल तर डायरी बाजूला ठेवा आणि रक्त तपासून घ्या.

भावजींचं पुढे काय झालं ते सांगते. तीन आठवड्यांनी साडेचारची बिस्किटं आठवड्यातल्या पाच कामाच्या दिवसांपैकी एखाद-दोन दिवसांवर आली. उसळ नसलेल्या दिवशी ती हटकून परत येतात, ते त्यांनाच वहीत दिसलं. रात्रीचं गोड शनिवारी राहिलं, कारण शनिवारी मुलं जागी असतात आणि आइस्क्रीम येतं. मी त्याला हात लावला नाही.

गणपतीत मात्र ते आधीच विचारायला आले. "वहिनी, उकडीचे मोदक किती?"

"दोन," मी म्हटलं, "पण ताटातच, कोशिंबीर आणि वालाची उसळ संपल्यावर. वर तूप घ्या. मग ताकभात."

त्यांनी तीन खाल्ले. ताकभात घेतला, चूळ भरली आणि संध्याकाळच्या आरतीपर्यंत डब्याकडे फिरकले नाहीत.